चणे ‘कोरडे करून घ्या’ म्हणजे नक्की किती?

‘उकडलेले चणे निथळून कोरडे करून घ्या.’ ओव्हनमधल्या कुरकुरीत चण्यांच्या प्रत्येक पाककृतीत हे वाक्य असतं आणि पुढच्याच ओळीत चणे ट्रेमध्ये गेलेले असतात. या एका वाक्यात माझे तीन रविवार गेले. कोरडे म्हणजे कशाने, किती वेळ, आणि झाले हे ओळखायचं कसं, यावर कुणी अक्षर लिहीत नाही. लिहिणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये पुण्यात चणे वाळवून बघावेत, एवढंच माझं म्हणणं.

भिजवणं, उकडणं याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. २०० ग्रॅम काबुली चणे रात्रभर भिजवले, सकाळी मीठ घालून कुकरला तीन शिट्ट्या केल्या. बोटांत दाबला की चुरावा, पण आपण होऊन फुटू नये, इतपत. छोल्यांना करतो तेवढे गाळ करायचे नाहीत.

पहिल्या रविवारी मी ते पंचावर ओतले, दुसऱ्या पंचाने वरून चोळले, पाच मिनिटांत ‘कोरडे’ केले. तेल लावून २०० डिग्रीवर ट्रे आत. दहा मिनिटांत ओटीजीची काच आतून धुरकटली. मग त्या धुरकट काचेवरून थेंब ओघळायला लागले. सासूबाई शेजारीच लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, हे भाजतेयस की वाफवतेयस?” मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

पाण्याने भरलेला दाणा गरम झाला की पाणी उडून जाईपर्यंत त्याचं तापमान शंभराच्या आसपासच घुटमळतं. ओव्हन दोनशेवर असला तरी दाण्याला त्याचं काही नसतं. आमच्या ओटीजीला पंखा नाही, वाफ दाराच्या फटीतून जाईल तेवढीच जाते. त्यामुळे पहिला अर्धा तास चणे आपल्याच वाफेत बसून राहिले. नंतर सुटी झालेली सालं करपली, दाणे मात्र आत मऊ ते मऊच. दोन-चार दाणे फट्‌ करून फुटले ते वेगळंच. साल वरून आवळली आणि आत पाणी अडकलं, की असे फुटतात.

दुसऱ्या रविवारी मी जास्त शहाणपणा केला. ताटात पसरून पंख्याखाली तीन तास. बाहेर सकाळपासून बुरबुर, गॅलरीतले कपडे दोन दिवस ओले, आणि मी चण्यांकडून अपेक्षा करतेय! तीन तासांनी हात लावला तर थोडे चिकटच लागले. तरीही भाजले. चाळीस मिनिटांनी छान सोनेरी झाले, एक खाल्ला, कुरकुरीत! मी एवढी खूश की शेजारच्या काकूंना वाटी भरून पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तर वातड. काकूंनी वाटी परत करताना फक्त “चव चांगली होती हो” एवढंच म्हटलं. पुण्यात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

त्या वातडपणाचं कारण कळलं तिथे माझा गुंता सुटला. मी सगळा दोष दमट हवेला देत होते. हवा थोडी जबाबदार होतीच, पण मुख्य ओल दाण्याच्या आतच होती. वरचा थर कोरडा झाला होता, गाभा नाही. डब्यात रात्रभरात गाभ्यातलं पाणी हळूहळू बाहेरच्या थरात उतरलं आणि सगळा दाणा सारखा मऊ झाला. म्हणजे कोरडं करणं दोन वेळा असतं. सालीवरचं पाणी ओव्हनच्या आधी घालवायचं, आणि गाभ्यातलं पाणी ओव्हननेच घालवायचं. पंचा कितीही चोळला तरी गाभ्यापर्यंत पोचत नाही.

पहिलं काम, सालीवरचं पाणी. पावसाळ्यात घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणती? फ्रिज! आपोआप बर्फ वितळवणारा असेल तर आतली हवा चांगलीच कोरडी असते, उघडी ठेवलेली कोथिंबीर एका दिवसात सुकते ती त्यामुळेच. तिसऱ्या खेपेला चणे शनिवारी संध्याकाळीच उकडले, पंचाने पुसले, ट्रेमध्ये एका थरात पसरले आणि न झाकता रात्रभर फ्रिजमध्ये. ट्रे मावावा म्हणून वरचा कप्पा रिकामा करावा लागला, त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. दुधाचं पातेलं मात्र झाकून ठेवा. सकाळी दाण्यांची साल कागदासारखी झाली होती, बोटाला ओल लागत नव्हती, काही सालं आपोआप तडकली होती. हा झाला ‘कोरडा’. लेखकांनी हे लिहायला काय हरकत होती?

फ्रिजमध्ये जागा नसेल तर दुसरा मार्ग मी नंतर करून पाहिला. तेल न लावता चणे १५० डिग्रीवर पंधरा-वीस मिनिटं ठेवायचे आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून वाफ बाहेर सोडायची. काच धुरकटायची थांबली की साल सुकली. मग तेल, मग २००.

दुसरं काम, गाभ्यातलं पाणी. ते बाहेरून दिसत नाही, रंगावरून तर मुळीच कळत नाही, हे मी दोनदा फसून शिकले. म्हणून मी केकसाठी घेतलेला वजनकाटा काढला. सासूबाई म्हणाल्या, “चणे विकायचेत का?” पण हिशेब सोपा आहे. वाण्याकडून आणलेले कोरडे चणे २०० ग्रॅम होते, त्यांच्यात पाणी अगदी थोडं. उकडून निथळल्यावर माझे ४३० ग्रॅम भरले, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. हे पाणी जाऊन वजन पुन्हा मूळ आकड्याच्या खाली येत नाही, तोवर चणा आत ओला आहे. खाली अशासाठी, की उकडताना थोडा अंश पाण्यात उतरतो आणि ते पाणी आपण ओतून देतो.

फ्रिजमधून निघाले तेव्हा ३९२ ग्रॅम होते. एक चमचा तेल चोळलं, २०० डिग्रीवर आत. वीस मिनिटांनी ३१० ग्रॅम, रंग फारसा नाही. पस्तीस मिनिटांनी २४०, आणि दिसायला अगदी तयार! मागच्या रविवारी मी साधारण इथेच थांबले असणार. पंचेचाळीस मिनिटांनी २०३. ओव्हन बंद केला, दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवून ट्रे वीस मिनिटं तसाच आत ठेवला. बाहेर काढून तोलले तर १८८. हे चणे तिसऱ्या दिवशीही कडकडीत होते. वजन करताना रिकाम्या ट्रेचं वजन आधी लिहून ठेवा, मी पहिल्यांदा विसरले आणि गरम चणे पातेल्यात ओतत बसले.

काटा नसेल तर आवाज ऐका. ट्रे हलवण्याबद्दल सगळेच सांगतात, पण ऐकायला कुणी सांगत नाही. ओले चणे ट्रेमध्ये दबक्या आवाजात घरंगळतात, सुकत गेले की आवाज चढत जातो, आणि झाले की खुळखुळ्यासारखे खडखडतात. मी दर दहा मिनिटांनी हलवते, शेवटच्या पंधरा मिनिटांत दर पाचांनी. पत्र्याला टेकलेली बाजू लवकर लाल होते, म्हणून दाणा फिरायला हवा. आमच्या ओटीजीत मागची बाजू जास्त तापते, त्यामुळे हलवून झालं की ट्रे फिरवूनही घालते. दार उघडल्यावर जमलेली वाफही निघून जाते, तो फायदा आहेच. फक्त ट्रे हातात धरून गप्पा मारू नका, ओव्हन भराभर थंड होतो.

थर एकच हवा. माझ्या ट्रेमध्ये २०० ग्रॅम चणे जेमतेम मावतात. लेकीने घाई म्हणून दुप्पट भरले होते, ते पुन्हा वाफवलेच गेले.

तापमानाचंही सांगते. बटणावरच्या २०० वर माझ्या ओव्हनमध्ये खरे १८० च असतात, हे आत ठेवायचा थर्मामीटर आणल्यावर कळलं. तेव्हापासून बटण थोडं पुढे ठेवते. तुमची वेळ माझ्यापेक्षा दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर हे कारण असू शकतं. २२० वर करून पाहिले, तेव्हा गाभा सुकायच्या आत साल कडू झाली.

गरम चणा नेहमी थोडा मऊच लागतो. चाखायचा तर एक दाणा बाहेर काढून तीन-चार मिनिटं गार होऊ द्या, मग चावा. आणि तिखट आधी घालू नका. मी पहिल्या खेपेला घातलं होतं, त्याच्या ठसक्याने सगळं घर हॉलमध्ये पळालं होतं. ओव्हनमधून काढल्याबरोबर अर्धा चमचा तेल, मग मीठ, तिखट, आमचूर. गरम असताना चिकटतं, गार झाल्यावर सगळा मसाला डब्याच्या तळाशी. डब्यात मात्र पूर्ण गार झाल्यावरच भरायचे, नाहीतर झाकणाला घाम येतो. पावसाळ्यात तीन-चार दिवसांनी मऊ वाटले तर १५० वर आठ-दहा मिनिटं ठेवून गार करायचे.

मधेच मला वाटलं होतं, उकडायचंच कशाला, फुटाण्यांना कुठे उकडतात? नुसते भिजवलेले चणे भाजून पाहिले, तर खडे झाले. सासूबाईंनी एक तोंडात टाकला आणि कवळी सांभाळत काढून ठेवला. भडभुंज्याचं तंत्र निराळं आहे. तो हरभरा थोडासा ओलावून, मुरवून, तापलेल्या वाळूत टाकतो. वाळू दाण्याला सगळीकडून एकदम धग देते, दाणा क्षणात फुलतो. आमच्या ओव्हनमधल्या गरम हवेला ते जमणारं नाही. त्याला उकडलेला, मऊ झालेला दाणाच लागतो.

“कोपऱ्यावरून वीस रुपयांचे फुटाणे आणले असते तर तीन रविवार वाचले असते,” हे सासूबाईंनी प्रत्येक रविवारी म्हटलं. आता दुपारी टीव्हीसमोर डबा त्यांच्याच मांडीवर असतो, आणि शनिवारी संध्याकाळी वरचा कप्पा त्या स्वतः रिकामा करून ठेवतात.