मनगटावरचे दात: लेकीच्या पाळीचा माझा अनुभव

मनूला पाळी आली तेव्हा ती साडेबारा वर्षांची होती. ती दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलते. सांगितलेलं बरंचसं तिला कळतं, पण स्वतःच्या शरीरात काय चाललंय ते सांगता येत नाही. त्या दिवशी ती बाथरूममधून बाहेर आली आणि माझ्या हातात प्रथमोपचाराची पेटी देऊन म्हणाली, "पट्टी लाव." गुडघा फुटला की रक्त येतं आणि मग पट्टी लावतात, हे तिला ठाऊक होतं. तिच्या हिशेबात चूक काहीच नव्हती.

मी दोन-तीन महिने आधीपासून तयारी केली होती, पण ती अर्धवट होती. तिला कोरडं पॅड घालून घरात वावरायची सवय लावली होती, रक्ताबद्दल मात्र एक अक्षर बोलले नव्हते. 'उगाच घाबरेल' असं वाटलं होतं. नंतर शाळेतल्या ताईंनी सांगितलं की आधीच पॅडवर लाल रंग लावून दाखवायचा, आपलं स्वतःचं वापरलेलं पॅडही दाखवायचं आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायचं: "हे पाळीचं रक्त. लागलं नाही." पुढचे सहा महिने मी ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं की आता ती मलाच ऐकवते.

पॅड बदलायला आम्ही उलट्या बाजूने शिकवलं. सगळ्या कामाचे लहान तुकडे केले: दार लावणं, चड्डी खाली, जुनं पॅड काढणं, कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, पुढून मागे पुसणं, नव्या पॅडचा कागद सोलणं, चिकटवणं, चड्डी वर, हात धुणं. सुरुवातीला सगळं मी करायचे आणि शेवटचं हात धुणं तेवढं तिचं. ते जमलं की चड्डी वर ओढणंही तिचं, मग पॅड दाबून चिकटवणं, असं करत मागे मागे सरकायचं. याचा फायदा असा की प्रत्येक वेळी काम तिच्या हातून पूर्ण होतं. पुढून सुरुवात केली असती तर पहिल्याच अडचणीला ती उठून गेली असती. दाराच्या आतल्या बाजूला प्रत्येक पायरीचा फोटो लावला, तिच्याच चड्डीचा आणि तिच्याच डब्याचा. चित्रांच्या पुस्तकातलं गुलाबी पॅड आणि हातातलं पांढरं पॅड एकच आहे, हे तिला पटत नव्हतं.

सगळ्यात जास्त अडलं ते चिकटवण्यापाशी. ती पॅड कधी वाकडं लावायची, तर कधी चिकट बाजू वर ठेवून. शेवटी कपड्यांवर न पुसणाऱ्या पेनने मी तिच्या सहा चड्ड्यांवर आतून पॅडची बाह्यरेषा काढली. आता ती त्या रेषेत पॅड 'झोपवते'. पंख असलेली पॅड बंद केली, कारण त्यांच्या कडा तिला टोचायच्या आणि ती वर्गातच हात घालून ओढायची.

शिवाय कधी बदलायचं हेही तिला समजत नव्हतं. मी "भरलं की बदल" असं शिकवलं आणि तिने एका दिवसात जवळजवळ अख्खं पाकीट संपवलं, कारण एक थेंब दिसला तरी तिच्या मते भरलं. म्हणून 'भरलं' हा शब्दच काढून टाकला आणि वेळा ठरवल्या: उठल्यावर, शाळेत मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, संध्याकाळी, झोपताना. जास्त जाणाऱ्या दिवशी एक वेळ वाढवायची. दिवसा दोन वेळांमध्ये चार ते सहा तासांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही.

एक नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला. मदत करणारी माणसं फक्त तीन: मी, तिची आत्या आणि शाळेत त्या ताई. चौथं कुणी चड्डीला हात लावायला आलं तर "नाही" म्हणून ओरडायचं. ज्या मुलीला कायम कुणीतरी कपडे घालतं-काढतं, तिला हा फरक मुद्दाम शिकवावा लागतो.

पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती कळायला मला चार महिने लागले. पाळीच्या दिवसांत मनू स्वतःचं मनगट चावायची. खोल, दातांचे वण उठतील असं. पॅड ओढून फेकायची, जेवायची नाही, ताईंना ढकलायची. सगळ्यांनी, मीही, त्याला 'पाळीतला चिडचिडेपणा' असं नाव देऊन टाकलं. शाळेने सुचवलं की त्या दिवसांत तिला घरीच ठेवा. मी विचारायचे, "पोटात दुखतं का?" ती म्हणायची, "हो." मग एकदा विचारलं, "कानात दुखतं का?" तरी "हो." "केसांत दुखतं का?" "हो." तेव्हा ट्यूब पेटली की तिच्या 'हो'ला अर्थ नाही आणि तिच्या 'नाही'लाही नाही. तिला विचारून काही कळणार नव्हतं, बघूनच कळणार होतं.

एका वहीत तीन रकाने केले: रक्त किती, वागणं काय, जेवण-झोप कशी. तीन महिने रोज लिहिलं, पाळी नसतानाही. पाळी नसलेल्या दिवसांशी ताडून पाहिल्याशिवाय काही सिद्ध होत नाही. चौथ्या महिन्यात वही घेऊन बसले तेव्हा ते स्पष्ट दिसलं. चावणं रक्ताच्या आदल्या संध्याकाळी सुरू व्हायचं, पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप थांबायचं. रक्त मात्र पुढे सात-आठ दिवस चालू असायचं. राग पॅडचा किंवा रक्ताचा असता तर तो आठही दिवस टिकला असता. शिवाय त्याच दोनेक दिवसांत ती गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर बसायची. मी ते रोज बघत होते आणि त्याला हट्ट म्हणत होते.

वही पाहून स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली: "गोळी कधी देता?" मी म्हटलं, "फारच रडायला लागली की पॅरासिटामॉल." त्यांनी समजावलं की गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं, त्याने गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. आयबुप्रोफेनसारखी गोळी हे द्रव्य तयार होणंच रोखते, पण जे आधीच तयार झालंय ते पुसून टाकत नाही. म्हणून कळ शिगेला पोहोचल्यावर दिलेली गोळी कमी पडते. मनूचं वजन तेव्हा चाळीस किलो. त्यांनी ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दर आठ तासांनी, खाऊन झाल्यावर, असं लिहून दिलं. पहिल्या चाव्याला किंवा पहिल्या डागाला, जे आधी दिसेल तेव्हा सुरू करायची आणि दोन दिवस घड्याळ लावून द्यायची. मध्ये ती हसत असली तरी चुकवायची नाही. उलट्या होत असतील किंवा पाणी पीत नसेल तर थांबायचं, कारण तेव्हा ही गोळी मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. दम्याच्या आणि पोटात व्रण असलेल्या मुलींसाठी गणित वेगळं असतं, म्हणून त्यांनी आधी तेही विचारून घेतलं.

पुढच्या पाळीला मनगटावर एकच वण होता. त्याच्या पुढच्या पाळीला एकही नाही. आणि ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती ते घडलं: पॅड फेकणं थांबलं. मी इतके महिने जिला पॅड 'शिकवत' होते, तिला ते केव्हाच आलं होतं. कळा येत असताना कुणाला शिकलेलं आठवतं?

दुखणं आटोक्यात आलं, तरी रक्त फार जात होतं. रात्री चादर भिजायची, आठ-नऊ दिवस चालायचं आणि हिमोग्लोबिन नऊवर आलं. थायरॉइड आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या ठीक निघाल्या, म्हणून लोहाच्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव कमी करणाऱ्या हार्मोनच्या औषधांचा विषय निघाला. त्याआधी घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगून झालं होतं, "पिशवीच काढून टाका, सुटाल." डॉक्टरबाईंनी त्यावर शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. गर्भाशय काढलं तरी अंडाशय तसेच राहतात, त्यामुळे दर महिन्याची हार्मोनची चढउतार आणि त्याबरोबरची चिडचिड जातेच असं नाही. आणि मोठी, परत न फिरवता येणारी शस्त्रक्रिया करण्याआधी साधे उपाय पुरेसे का नाहीत, हे दाखवता आलं पाहिजे. "शिवाय," त्या म्हणाल्या, "कुणी वाईट वागलं तर पाळी नसलेल्या मुलीच्या बाबतीत ते कळायचा एक मार्ग बंद होतो." मला हे वाक्य अजून टोचतं.

मनू फिटसाठी कार्बामाझेपिन घेते. या औषधामुळे यकृत हार्मोन लवकर मोडतं, म्हणून नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो आणि मधेच रक्तस्राव होतो. म्हणून त्या गोळ्या बाजूला पडल्या. दर तीन महिन्यांनी घ्यायचं हार्मोनचं इंजेक्शन होतं, पण त्याने हाडांची घनता कमी होते आणि फिटच्या औषधानेही हाडं कमजोर होऊ शकतात. वाढत्या वयात दोन्ही एकत्र नकोत, असं ठरलं. उरलं गर्भाशयात बसवायचं, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारं साधन. सगळे त्याला तांबी म्हणतात, पण त्यात तांबं नसतं. हार्मोन थेट आतल्या अस्तरावर काम करतं, त्यामुळे फिटच्या औषधाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही, आणि ते किमान पाच वर्षं चालतं. मनू जागेपणी तपासणी करू देणार नव्हती. तिच्या दोन दाढा भरायच्या राहिल्याच होत्या, तेव्हा एकाच भुलीत दोन्ही कामं करून घेतली. दंतवैद्य आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांची तारीख जुळवायला सात आठवडे गेले, पण भूल एकदाच दिली गेली.

चुकलं ते पुढे. पहिले तीन ते सहा महिने थोडं थोडं डाग पडणं चालू राहील, हे आम्हाला सांगितलं होतं, पण मनूला कुणीच सांगितलं नव्हतं. तिच्या नियमाप्रमाणे लाल दिसलं की पॅड, पाळी आणि कॅलेंडरवर लाल टिकली. तिने सलग चाळीस दिवस टिकल्या लावल्या आणि मग कॅलेंडर फाडलं. आम्ही नवा नियम केला: थोडा डाग असेल तर रोजची पाळीची चड्डी, म्हणजे शोषून घेणारी, धुवून वापरायची, आणि टिकली नाही. पाचव्या महिन्यात डाग थांबले. हिमोग्लोबिन आता साडेअकरावर आलंय.

महिन्यातून कधी एखादा डाग दिसतो. तेव्हा ती स्वतःच दार लावते, आतून मला ऐकू येतं, "लागलं नाही," आणि मग नळ सुरू होतो.