तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री अकराचा फोन

"तुमचा तो कॅनडात, आमचा लंडनला. रोज बोलतो, पण हल्ली बोलायला काही सुचतच नाही. वेळा जुळत नाहीत म्हणून थकलोय, की हळूहळू संपतंय? हे ओळखायचं कसं?"

दुपारी तीन वाजता काय होतं ते बघा. रात्री फोनवर काय होतं ते तूर्त सोडा.

दुपारी तीन म्हणजे माझ्यासाठी गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कंपनीतली प्रयोगशाळा. एका सहकाऱ्याने चुकीच्या बाटलीवर चुकीचं लेबल लावलं, साहेबांनी तेच नेमकं उचललं आणि मग जे नाटक झालं, ते बघताना माझ्या मनात आधी आलं, 'हे त्याला सांगायला हवं'. रात्री अकरा वाजता फोनवर तो विचारतो, "आज काय झालं?" मी म्हणते, "काही नाही." खोटं बोलायचं म्हणून नाही. तेवढं सगळं रंगवून सांगायची ताकद उरलेली नसते, इतकंच. ही ऊर्मी दुपारी येत असेल आणि रात्री विझत असेल, तर तो थकवा. दुपारीही येत नसेल, एखादी मजेची गोष्ट घडली आणि त्याचं नाव मनात उगवलंच नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर मात्र प्रकरण वेगळं आहे. तिथे वेळा बदलून काही होत नाही.

हे मला सरळ सुचलेलं नाही. गेल्या नोव्हेंबरात आमचं संपत आलंय असं मला पक्कं वाटायला लागलं होतं, तेव्हा धडपडून कळलं.

तो ऑगस्ट २०२३ मध्ये टोरांटोजवळ शिकायला गेला. शिक्षण संपवून आता एका गोदामात हिशेब सांभाळतो. मी फोंड्याला आईबरोबर राहते. दोन्ही घरी माहीत आहे, साखरपुडा झालेला नाही. आमचा नेम असा, की त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, दुपारी साडेबाराला, त्याने फोन करायचा. अर्धा तास. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असायचे, कारण उन्हाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. साडेदहाला मी झोपायचे, पावणेसहाला उठायचे. बरं चाललं होतं.

२ नोव्हेंबर २०२५ ला तिकडची घड्याळं एक तास मागे गेली. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे येतात. आपल्याकडे घड्याळाला असं कोणी हात लावत नाही, त्यामुळे फरक साडेदहा तासांचा झाला. त्याची सुट्टी साडेबाराचीच राहिली, माझा फोन मात्र अकराला गेला. साडेअकराला संपणार, डोळा लागेपर्यंत बारा, आणि कंपनीची बस सव्वासातलाच. म्हणजे माझी रोजची तासभर झोप गेली, आणि ती द्यायचं आम्ही दोघांनी कधी ठरवलंच नव्हतं. दिवाळीचे फोव खाऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा.

गंमत बघा, मला हे जाणवलंच नाही. मला एवढंच दिसत होतं की आमच्या बोलण्यात जीव नाही. तो तोंडात घास घेऊन बोलतोय, मागे मायक्रोवेव्ह वाजतोय, टेबलावर चारजण बसलेत. मी पांघरुणात, आई शेजारच्या खोलीत. "जेवलें?" "जेवलें. तू?" "जेवतां." पाऊस, बर्फ, आईचा गुडघा. मग "बरें, दवरतां". पूर्वी आमचं 'दवरतां' तीनदा व्हायचं. दोघांनीही फोन ठेवते-ठेवतो म्हणायचं आणि मग अजून वीस मिनिटं बोलायचं. नोव्हेंबरात ते एकदाच व्हायला लागलं, आणि बहुतेक वेळा माझ्याकडून. मी त्यावरून निष्कर्ष काढला. रात्री साडेअकराला काढलेले निष्कर्ष.

त्यात शंकेची भर. एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर तो ऑनलाइन. मी बोटांवर मोजलं, तिकडे रात्रीचे साडेतीन! कोणाशी बोलतोय? तासभर जळत होते. खरं तर मी जुन्या फरकाने मोजलं होतं. तिकडे अडीच वाजले होते. अर्थात अडीच ही काही सभ्य वेळ नव्हे. विचारल्यावर कळलं, झोप येत नव्हती म्हणून तो आमच्या चवथीचे फोटो बघत पडला होता, गणपतीवरच्या माटोळीला किती नारळ बांधले होते ते मोजत. आमच्या वाड्यावरच्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या एका तारवट्याची बायको मला म्हणाली होती, "आमकां पत्र महिन्यान पावतालें, पूण तो कितल्या वरांचेर न्हिदता तें कळनाशिल्लें." तेव्हा मी हसले होते.

मग मी एक कंटाळवाणं काम केलं. दोन आठवडे वहीत रोज तीन गोष्टी लिहिल्या: फोन किती वाजता झाला, आधी 'दवरतां' कोण म्हणालं, आणि आज दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही असं काही मी त्याला सांगितलं का. चौदापैकी अकरा दिवस तिसऱ्या रकान्यात 'नाही' होतं. पण खाली मीच समासात पेन्सिलीने दुपारच्या गोष्टी टिपल्या होत्या, 'हे सांगायचं' म्हणून: लेबलचं नाटक, बोरीच्या पुलावर बस बंद पडली ते, मामीने पाठवलेलं लोणचं कोणाला आवडलं नाही ते. सांगायचं भरपूर होतं, वेळच खोटी निघाली होती. आमच्या दोघांच्याही दिवसातली सगळ्यात रद्दी अर्धा तास आम्ही एकमेकांसाठी राखून ठेवला होता आणि त्याला 'रोज बोलतो' म्हणत होतो.

रोजचा फोन सोडायला त्याची तयारी नव्हती. "म्हणजे आता तेही नको?" असं म्हणाला, आणि त्यात भीती होती, ती मला ओळखता आली. माझ्याही मनात तीच होती. रोजचा फोन हा आमच्यासाठी हजेरीपट होता, तो बंद केला की गैरहजेरी लागेल असं वाटायचं. मी म्हटलं, सहा आठवडे बघूया, मग तू म्हणशील तसं.

असं ठरलं: रविवारी सकाळी सात वाजता मोठा फोन. तेव्हा त्याचे शनिवार रात्रीचे साडेआठ, दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी, मला तर त्या दिवशीच. आई देवळात जाते, घर मोकळं. बुधवारी त्याच्या जेवणाच्या सुट्टीतला छोटा. बाकीच्या दिवशी आवाजाचे निरोप, पण एका अटीवर, की निरोप गोष्ट घडल्याच्या तासाभरात बोलून ठेवायचा, रात्रीसाठी साठवायचा नाही. ही अट महत्त्वाची ठरली. मी जिन्यात उभी राहून कुजबुजत बोलायचे, तो बर्फात चालता चालता धापा टाकत. तो माझं सकाळी उठल्यावर ऐकायचा, मी त्याचं बसमध्ये, बोरी ते लोटली. कितीतरी दिवसांनी मी बसमध्ये एकटीच हसले.

तुमचा लंडनला असेल तर हे एवढं अवघड नाही. तिकडचा फरक उन्हाळ्यात साडेचार आणि थंडीत साडेपाच तासांचा, त्याची संध्याकाळ तुमच्या झोपेच्या आधी येऊ शकते. त्याची शिफ्ट कुठली हे बघा, घड्याळापेक्षा तीच जास्त आडवी येते.

आता जे मला सांगायला आवडत नाही ते. झोप परत आली, गप्पा परत आल्या, आणि तिसऱ्या रविवारी भांडण आलं. ऑगस्टपासून तो तिकडे कायम राहण्याच्या परवान्याची कागदपत्रं जमवत होता. मला माहीत होतं, पण 'कधी ना कधी बोलू' या कप्प्यात टाकलेलं. अकराच्या फोनवर असली गोष्ट काढायची नाही, हा आमचा न बोललेला करार होता. अर्ध्या तासात भांडून मिटवायचं कधी? थकव्याने वाद झाकून ठेवला होता आणि आम्ही त्या शांततेला समजूतदारपणा म्हणत होतो. त्या रविवारी तो म्हणाला, "तू येशील असं मी धरूनच चाललोय." मी म्हटलं, "तू परत येशील असं मी." तोपर्यंत अडीच वर्षं झाली होती, आणि हे वाक्य दोघांनीही पहिल्यांदाच उच्चारलं.

तुमच्यापैकी काहीजणी म्हणतात, एकदा भेट झाली की सगळं सुरळीत होईल. लॉरा स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ चा अभ्यास मी त्याच सुमारास वाचला. अमेरिकेतल्या कॉलेजच्या वयाची, लांब राहणारी जोडपी त्यांनी पाहिली. जी जोडपी पुढे एकाच गावात आली, त्यांतली एक तृतीयांश तीन महिन्यांत तुटली. लांब असताना निभावली होती, जवळ आल्यावर तुटली. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. अर्ध्या तासाच्या फोनवर माणूस स्वतःची निवडक आवृत्ती पाठवतो, आणि समोरचा तिच्याच प्रेमात राहतो. आमचं रविवारचं भांडण निदान त्या निवडक आवृत्तीतलं नव्हतं. म्हणून मला ते, कसं सांगू, तब्येतीचं लक्षण वाटलं. त्याला वाटलं नाही. तो दोन दिवस निरोपच पाठवत नव्हता. तिसऱ्या दिवशी पाठवला, बसस्टॉपवर घसरून पडल्याचा.

परवान्याचं अजून ठरलेलं नाही. आईला एकटी सोडून मी जाणार नाही आणि तिला तिकडच्या थंडीत नेणारही नाही. त्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, ते इकडच्या पगारात फिटायला किती वर्षं लागतील ते आम्ही कागदावर मांडलंय. आकडा चांगला नाही. हे वेळेच्या फरकाचं दुखणं नव्हे, आणि त्याला आता मी वेळेचा फरक म्हणत नाही.

मधल्या काळात ८ मार्च येतोय. कॅलेंडरवर मी त्या तारखेला गोल केलाय. त्या रविवारचा आमचा सकाळचा फोन जुन्याच वेळेला होईल. मग दुपारी, मी जेवायला बसेन तेव्हा साडेबाराला, तिकडे मध्यरात्रीनंतरचे दोन एकदम तीन होतील. पुढच्या रविवारपासून माझे सात म्हणजे त्याचे साडेनऊ. काल मी विचारलं, "मग सहाला उठू का?" तो म्हणाला, "नको, रविवारी तरी झोप. मी जागतां." मी म्हटलं, तुला सकाळी देवळात जायचंय का, झोपशील की उशिरापर्यंत. तो म्हणाला, इकडे कुठलं देऊळ. मग साडेसहा ठरलं, मग परत सात, मग पुन्हा साडेसहा. मध्ये आई देवळातून येऊन चहा करून गेली. 'दवरतां' चारदा झालं.