कॅशे तेवढीच, मग दोन वे कशाला?

"सर, डायरेक्ट मॅप्ड पण ३२ केबी आणि टू-वे पण ३२ केबी, जागा तर एका बाइटनेही वाढली नाही, मग हिट रेशो कसा काय वाढतो?"

तुम्ही विचारलंत म्हणून नीट कागदावर मांडूनच सांगतो, कारण हे व्याख्या पाठ करून कळत नाही, दोन पत्ते हातात घेऊन बघितलं की लगेच कळतं.

हा छोटासा लूप घ्या.

```c
double a[4096], b[4096];
for (i = 0; i < 4096; i++)
    s += a[i] * b[i];
```

एक डबल ८ बाइटचा, म्हणजे प्रत्येक ॲरे बरोब्बर ३२ केबी. समजा `a` सुरू होतो `0x10000` ला आणि `b` त्याला चिकटून `0x18000` ला, आणि `s` रजिस्टरमध्येच आहे. कॅशेचा ब्लॉक ६४ बाइटचा, म्हणजे डायरेक्ट मॅप्डमध्ये ५१२ लाइन झाल्या. आता पत्त्याला ६४ ने भागा, ब्लॉक नंबर मिळतो: `a[0]` चा १०२४, `b[0]` चा १५३६. दोघांनाही ५१२ ने भागून बाकी काढा. शून्य आणि शून्य! म्हणजे दोघांची जागा एकच, लाइन शून्य, आणि बाकीची ५११ घरं रिकामी असली तरी त्यांना तिथे जायची मुभाच नाही.

मग होतं असं की `a[0]` मागितला, मिस झाला, `a[0]` ते `a[7]` असा अख्खा ब्लॉक आला, लगेच `b[0]` मागितला, तोही त्याच लाइनवर, त्यामुळे `a` चा ब्लॉक बाहेर, आणि पुढच्याच फेरीत `a[1]` हवा तर तो आत्ता आत्ता येऊन गेलेला! ८१९२ वेळा मेमरीकडे हात पसरला आणि ८१९२ वेळा मिस. हिट रेशो शून्य. याला कॉन्फ्लिक्ट मिस म्हणतात, आणि कॅशे भरली म्हणून मिस होणं ही वेगळी गोष्ट आहे, हे मी प्रत्येक बॅचला पुन्हा पुन्हा सांगतो कारण गोंधळ नेमका इथेच होतो.

आता टू-वे. तेवढ्याच ५१२ लाइन, पण दोन-दोनच्या जोड्या, म्हणजे २५६ सेट. बाकी आता २५६ ने भागून काढायची, ती दोघांची पुन्हा शून्यच येते, पण सेट शून्यमध्ये दोन घरं आहेत, एकात `a` बसतो, एकात `b`. दर आठ एलिमेंटमागे एक मिस आणि सात हिट, म्हणजे हिट रेशो ०.८७५. जागा वाढली नाही, बसायची मुभा वाढली.

मग सरासरी वेळ किती? हिट टाइम अधिक मिस रेशो गुणिले मिस पेनल्टी. (हिट टाइम प्रत्येक वेळी लागतोच, मिस झाला तरी आधी कॅशेत बघावं लागतं, पेनल्टी ही त्याच्यावरची जादा वेळ.) सोयीसाठी डायरेक्टचा हिट टाइम १ नॅनोसेकंद धरू, पेनल्टी ५०. टू-वेचा हिट टाइम १.१ धरू, कारण तिथे दोन टॅग एकदम ताडून मग योग्य घर निवडावं लागतं, डायरेक्टमध्ये निवडायचं काही नसतंच.

```
direct : 1   + 1.000 × 50 = 51.00 ns
2-way  : 1.1 + 0.125 × 50 =  7.35 ns
```

पण म्हणून टू-वे नेहमी जिंकते असं लिहू नका पेपरात. एखाद्या प्रोग्रॅममध्ये अशी टक्कर फारशी नसेल, डायरेक्टचा मिस रेशो ०.०२ आणि टू-वेचा ०.०१९ असेल, तर गणित येतं २.०० विरुद्ध २.०५, डायरेक्ट थोडीशी पुढे. आणि वरच्याच लूपमध्ये तिसरा ॲरे `c` त्याच अंतरावर आणलात, की टू-वेमध्येही तीन जण दोन घरांसाठी भांडतात, एलआरयू नेमका लगेच लागणारा ब्लॉकच बाहेर काढतो, आणि हिट रेशो परत शून्य.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये हेच होतंय का ते ओळखायचं कसं? `a` ची साइज ४०९६ ऐवजी ४१०४ करा, फक्त ६४ बाइट जादा. काम तेवढंच, पण वेळ एकदम उतरली तर टक्करच होती. कारण `b` आता `0x18040` ला सुरू होतो, ब्लॉक १५३७, लाइन एक. `a` पुढे सरकून लाइन एकवर येतो तेव्हा `b` चं तिथलं काम संपलेलं असतं आणि तो लाइन दोनवर गेलेला असतो. त्याच डायरेक्ट मॅप्ड कॅशेत आता आठात एकच मिस, सरासरी ७.२५ नॅनोसेकंद, टू-वेपेक्षाही किंचित कमी.