नुसती वेळ

"मावशी, यात नुसती वेळच दिसते गं!" खोका उघडून भाची म्हणाली. तक्रार होती की कौतुक, ते कळेना.

साधं टेबलावरचं घड्याळ होतं. ती नीटची तयारी करते, १८० मिनिटांत १८० प्रश्न. सराव पेपर सोडवताना किती वाजले बघायला फोन उचलायची. वेळेसोबत चार मेसेज दिसायचे, आणि भौतिकशास्त्राची वीस मिनिटं गायब. मग घाबरगुंडी.

खरं तर हे दुसरं घड्याळ. पहिलं टिकटिक करायचं, तिनं तिसऱ्याच रात्री ते कपाटात कोंबलं. दुकानदार म्हणाले, सेकंदकाटा झटके न देता सरकत फिरणारं घ्या, त्याला आवाज नसतो. खरंच नाही. दुकानातल्या गोंगाटात मात्र हे कळत नाही, कानाशी धरून बघावं लागतं.

काट्यांचं मुद्दाम घेतलं. उरलेला वेळ तबकडीवर तुकड्यासारखा दिसतो, वजाबाकी करावी लागत नाही. परीक्षेला मनगटी घड्याळ चालतच नाही, वर्गातल्या घड्याळाकडेच बघायचं असतं.

गजर लावून फोन आता रात्री स्वयंपाकघरात, डब्यांशेजारी. काल तिची आई हळूच विचारत होती, "असलं अजून एक मिळेल का? मला."