बँकेची पूर्वपरीक्षा, आठवड्याचं वेळापत्रक आणि माझं गणित : माझा अनुभव

आयबीपीएस क्लार्कची पूर्वपरीक्षा मी पहिल्यांदा दिली तेव्हा एकूण गुण पुरेसे होते, इंग्रजी आणि रिझनिंगही निघालं होतं, पण गणिताच्या कटऑफला थोडक्यात अडकले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. या परीक्षेत तीन विभाग असतात : इंग्रजीचे ३० प्रश्न, गणिताचे ३५, रिझनिंगचे ३५. प्रत्येक विभागाला २० मिनिटं. वेळ संपली की तो विभाग बंद होतो आणि पुढचा आपोआप उघडतो. इंग्रजी १४ मिनिटांत उरकलं तरी उरलेली ६ मिनिटं गणिताला मिळत नाहीत. आणि कटऑफ नुसत्या एकूण गुणांना नाही, प्रत्येक विभागाला स्वतंत्र आहे. एका विभागात मागे राहिलं की बाकीच्या दोन विभागांतल्या गुणांचा काही उपयोग नाही.

निकाल लागल्यावर घरात सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला : हिचं गणित कच्चं आहे. मीही तेच धरून चालले. त्यात माझं अख्खं वर्ष गेलं, आणि त्याचा राग मला आजही येतो, कारण गणित कच्चं नव्हतंच. घोळ वेळापत्रकात होता.

आमच्या क्लासचं वेळापत्रक असं होतं : सोमवार-मंगळवार गणित, बुधवार-गुरुवार रिझनिंग, शुक्रवार-शनिवार इंग्रजी आणि रविवारी सकाळी मॉक टेस्ट. दिसायला चोख. प्रत्येक विषयाला दोन दिवस, कुणावर अन्याय नाही. पहिल्याच दिवशी त्याची छापील प्रत हातात दिली आणि "हे सोडून दुसरं काही करू नका" असं बजावलं. मीही ते शब्दशः पाळलं. बुधवारी गणिताची वही उघडणं म्हणजे रिझनिंगचा वेळ खाणं, असं मला मनापासून वाटायचं.

आता यात रविवारची मॉक कुठे पडते ते बघा. इंग्रजी आदल्या संध्याकाळपर्यंत हातात असतं. रिझनिंगला दोन दिवस झालेले असतात. गणित मात्र मंगळवारी रात्री मिटलं ते थेट रविवारी उघडायचं. मध्ये बुध, गुरू, शुक्र, शनि असे चार दिवस कोरडे. मॉक झाली की सोमवारी गणिताचा नवा धडा सुरू. रविवारच्या चुका बघायला आठवड्यात एकही दिवस ठेवलेला नव्हता. मी गुण बघायचे, नाराज व्हायचे आणि पुढच्या धड्याला लागायचे.

हे माझ्या लक्षात आलं नाही, लक्षात आणून दिलं ते कराडच्या अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका दादांनी. ते माझ्याआधी दोन वर्षांपासून तयारी करत होते. मला एक सवय होती, सरळरूपाची दहा उदाहरणं लावली की खाली तारीख आणि लागलेला वेळ लिहायची. एका रविवारी मॉकमध्ये परत गणितातच गुण गेले म्हणून मी डोकं धरून बसले होते.

"दादा, मला गणित जमतच नाही बहुतेक."

त्यांनी माझी वही ओढून घेतली, चार-पाच पानं उलटली. "कोण म्हणतं? तारखा बघ की जरा. हे मंगळवारचं, चार मिनिटं दहा सेकंद. हेही मंगळवारचं, चार मिनिटं. आणि हे सोमवारचं बघ, सात मिनिटं."

सगळ्या वहीत तेच होतं. सोमवारी सात मिनिटं, मंगळवारी चार. पुढच्या सोमवारी परत सात. म्हणजे मी दर आठवड्याला तोच वेग नव्याने कमावत होते आणि चार दिवसांत घालवत होते. परीक्षा मात्र घसरलेल्या वेगावर देत होते.

हा वेग जातो म्हणजे नेमकं काय होतं, ते एका उदाहरणावरून सांगते. ६४८ चे ३७.५ टक्के किती? हात बसलेला असेल तर ३७.५ टक्के हा आकडा दिसतच नाही, तीन अष्टमांश दिसतात. ६४८ ला ८ ने भागलं की ८१, त्याच्या तिप्पट २४३, झालं. पाच सेकंदांचं काम. रविवारच्या कच्च्या कागदावर मात्र मी ६४८ गुणिले ३७.५ असा उभा गुणाकार मांडलेला सापडला. उत्तर बरोबरच होतं, पण त्याला पाऊण मिनिट गेलं असेल. ३५ प्रश्नांना २० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद. असे पाच-सहा गुणाकार झाले की शेवटच्या दहा प्रश्नांपर्यंत पोचताच येत नाही.

संख्यामालिकेचंही तसंच. ७, ८, १८, ५७, २३२, पुढची संख्या कोणती? सवय सुटलेली असली की माणूस आधी फरक काढत बसतो : १, १०, ३९, १७५. त्यातून काही हाती लागत नाही आणि वेळ जातो. सवय असली की नजर आधी शेवटच्या जोडीकडे जाते. ५७ वरून २३२, म्हणजे चौपटीहून थोडं जास्त. ५७ चोक २२८, अधिक ४. मग मागचं आपोआप उलगडतं : गुणिले १ अधिक १, गुणिले २ अधिक २, गुणिले ३ अधिक ३. पुढची संख्या २३२ गुणिले ५ अधिक ५, म्हणजे ११६५. संख्या झपाट्याने वाढत असतील तर शेवटून बघा, हे मला क्लासमध्ये शिकवलेलं होतं. माहीत होतं, पण रविवारी हाताशी नव्हतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा एका मॉकची चिरफाड केली. गणितात १७ प्रश्न सोडवले होते, १० बरोबर, ७ चूक. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणजे १० वजा पावणेदोन, हातात सव्वाआठ. त्या सातपैकी पाच चुका शेवटच्या तीन मिनिटांतल्या होत्या, घाईत ठोकलेल्या. आणि ती घाई आली कुठून? सुरुवातीलाच मी डीआयचा, म्हणजे तक्त्यातल्या माहितीवरचा, पाच प्रश्नांचा संच हातात घेतला होता आणि त्यातच जवळपास आठ मिनिटं अडकले होते. सरळरूपाचे सहा सोपे प्रश्न तर मी उघडलेसुद्धा नव्हते.

मग वेळापत्रक मोडलं. क्लासमध्ये सांगितलं नाही, तास त्यांच्या क्रमाने केले, पण घरचा अभ्यास माझ्या क्रमाने.

रोज सकाळी, वार कुठलाही असो, गणिताची २० मिनिटं ठरली. त्यात सरळरूपाची १० उदाहरणं, दोन संख्यामालिका आणि वेळ उरला तर वर्गसमीकरणांच्या तुलनेची एक जोडी. नवीन काही शिकायचं नाही, फक्त हात चालू ठेवायचा. संध्याकाळचे मोठे दोन तास मात्र फिरते ठेवले. मंगळवारी अंकगणित, म्हणजे शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग. बुधवारी रिझनिंगची कोडी आणि बैठक व्यवस्था. गुरुवारी डीआय. शुक्रवारी परत रिझनिंग. इंग्रजीला फक्त शनिवार, कारण इंग्रजी माझं बरं होतं आणि त्याला एरवी दुपारी जेवणानंतरचं अर्धा तास वाचन पुरत होतं. सोमवार पूर्ण मोकळा ठेवला, तो फक्त रविवारच्या मॉकच्या चुकांसाठी. सुरुवातीला एक दिवस वाया जातोय असं वाटायचं. पण चुकलेला प्रश्न वेळ न लावता परत सोडवून बघितला की कळतं, तो येत नव्हता की घाईत गेला. माझे बहुतेक घाईत गेलेले असायचे.

आणखी एक बदल महिनाभराने केला. मॉकचा वार हलता ठेवला. कधी रविवार, कधी बुधवार, कधी शुक्रवारी दुपारी. कुठल्याही वारी गणित सारखंच येतंय का, हे मला तपासायचं होतं. रोजची २० मिनिटं सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यापासूनच वहीतले सोमवार आणि मंगळवारचे आकडे सारखे दिसायला लागले, चार मिनिटांच्या आसपास. हे लक्षात आलं त्या दिवशी मी अभ्यासिकेतून घरी चालत येताना आईला फोन करून हे सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण मला फार बरं वाटलं.

इथे एक सांगायलाच हवं. रोजची २० मिनिटं गणितालाच द्यायची असं नाही. माझ्या मैत्रिणीचं गणित पक्कं होतं आणि इंग्रजीत ती अडकायची. तिने सकाळची वेळ इंग्रजीला दिली : एक छोटा उतारा, पाच चुका शोधायचे प्रश्न, एक क्लोझ टेस्ट. जो विभाग चार दिवस न बघितल्यावर सगळ्यात जास्त घसरतो, तो रोज. कोणता घसरतो हे वेळ लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. नुसत्या गुणांवरून तर नाहीच.

आणि ही २० मिनिटं गणित शिकवत नाहीत. ज्याला शेकडेवारीच समजलेली नाही, त्याला आधी संध्याकाळचे तास गणितालाच द्यावे लागतील.

मध्येच आठवलं म्हणून :  क्लार्कच्या परीक्षेत गणित आणि रिझनिंग मराठीतही घेता येतं. ते घेणार असाल तर मॉकही मराठीतच द्या. "सरळव्याज" आणि "सिंपल इंटरेस्ट" यांत डोकं अदलाबदल करायला लागलं की सेकंद जातात.

दुसऱ्यांदा कोल्हापूरच्या केंद्रावर परीक्षा दिली. गणितात क्रम आधीच ठरवलेला होता : सरळरूप पाच मिनिटं, मालिका आणि समीकरणं सहा, डीआयचा एकच संच पाच मिनिटं आणि उरलेल्या चार मिनिटांत शाब्दिक उदाहरणं. परीक्षेत समीकरणं आलीच नाहीत, दर वेळी येतातच असं नाही. त्यांचा वेळ शाब्दिक उदाहरणांना गेला. २५ सोडवले आणि शेवटी घाईत एकही ठोकला नाही. या वेळी तिन्ही कटऑफ निघाले. पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत, तिथे मुख्य परीक्षाच मोजतात, पण ते दार उघडायला मला दोन वर्षं लागली.

यंदा माझ्या मामाच्या मुलीने त्याच क्लासला नाव घातलंय. मागच्या आठवड्यात ती छापील वेळापत्रक घेऊन आली, अजून तेच आहे, सोम-मंगळ गणित. मी पेन घेतलं आणि सातही चौकटींत वरच्या कोपऱ्यात लिहिलं : सकाळी २० मिनिटं. कोणता विषय ते रिकामं सोडलंय. तीन आठवडे तिन्ही विभागांची वेळ वहीत लिही, मग आपण दोघी बसून भरू, असं तिला सांगितलंय.