उलटे आटे

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी टेबल फॅन पुसायला घेतला आणि त्याची टोपी फोडली.

टोपी म्हणजे पात्याच्या मधोमध असते ती प्लॅस्टिकची गोल गोष्ट. ती फिरवून काढायची, मग पातं पुढे ओढून काढायचं, धुवायचं आणि उलट्या क्रमाने सगळं परत बसवायचं. दरवर्षी मार्चमध्ये हे काम आमचे हे करतात. यंदा ते गावाला गेले होते आणि पात्यावरची धूळ बघून मलाच राहवेना. टोपी हलेना म्हणून फडकं धरून फिरवली, मग रबरी हातमोजा घालून फिरवली, मग दात-ओठ खाऊन फिरवली. बरणीचं झाकण उघडतो तशी, डावीकडे. टच्‌ असा आवाज आला आणि अर्धी टोपी माझ्या हातात राहिली.

फॅनची कंपनी आता फॅन बनवत नाही. गावातल्या दुकानदाराने तुकडा उलटासुलटा करून पाहिला आणि "नवीन फॅन घ्या," असं सांगून तो गिऱ्हाईकाकडे वळला. मग भावाने पुण्याच्या बोहरी आळीतल्या एका दुकानाचा नंबर पाठवला. रविवार पेठेतल्या त्या आळीत मिळत नाही असा खिळा नाही, अशी आमच्या घराची श्रद्धा आहे.

मी ताबडतोब फोटो पाठवला. वरून, खालून, बाजूने. शेजारी अंदाज यावा म्हणून एक रुपयाचं नाणंही ठेवलं. स्वतःच्या हुशारीवर जरा खूशच होते. उत्तर आलं, "ताई, हा कुठला रुपया?"

आता रुपया तो रुपया! पण शेठजींचं बरोबर होतं. पाकीट उपडं करून पाहिलं तर तीन निघाले आणि तिन्ही वेगवेगळ्या मापाचे. नव्वदच्या दशकातला 25 मिलिमीटरचा, 2011 नंतरचा 22 चा आणि 2019 पासूनचा जेमतेम 20 चा. रुपया घसरतो असं बातम्यांत ऐकत होते, तो असा पट्टीवर मोजता येईल असं वाटलं नव्हतं. पाठोपाठ दुसरा निरोप आला. "फोटोत भोक दिसतं, भोकाचं माप दिसत नाही. कागदावर नीट लिहून पाठवा. आधी पत्रं यायची तसं."

आधी पत्रं यायची तसं. हे वाचून मला अण्णांचं पोस्टकार्ड आठवलं.

आमच्याकडे तेव्हा पंपाचा पितळी स्टोव्ह होता. एका पावसाळ्यात त्याचा पंप हवाच धरेना. दट्ट्या नुसता पुढेमागे सरकायचा, दाब यायचा नाही. अण्णांनी पंप उघडला तर आतलं चामड्याचं वायसर वाळून कडक झालेलं. खोबरेल तेलात रात्रभर भिजवून पाहिलं, पण ते सुपारीसारखं आक्रसलं होतं. तालुक्याला मिळेना. मग अण्णांनी बोहरी आळीतल्याच कुणा दुकानदाराला 15 पैशांचं कार्ड घातलं. "सा. न. वि. वि., आमच्या स्टोव्हच्या पंपास चामडी वायसर हवे आहे. आकार उथळ वाटीप्रमाणे, मधोमध छिद्र, व्यास 14 मि.मी." खाली पेन्सिलीने वाटी काढली होती, वरून एक आणि बाजूने एक. अण्णा भूमितीचे शिक्षक. आई म्हणाली, "वाटी काय काढता? लाडवाचा साचा मागवताय असं वाटेल त्यांना."

आठ दिवसांनी पाकिटातून वायसर आलं. अगदी 14 मिलिमीटरचं, सुबक, तेलकट वासाचं. पंपात घातलं तर दट्ट्या मोरीत टाकलेल्या गोटीसारखा सुळकन खाली गेला.

अण्णा दोन दिवस घुम्यासारखे बसले. चूक दुकानदाराची नव्हती, मापाचीही नव्हती. माप होतं ते आक्रसलेल्या वायसरचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागदाची पट्टी गुंडाळून पंपाच्या नळीत सोडली. कागद आपोआप उलगडून नळीच्या भिंतीला चिकटला. जिथे एक कड दुसरीवर आली तिथे खूण केली, बाहेर काढून सरळ केला, मोजला. 5 सेंटिमीटर. मग मला जवळ बसवून म्हणाले, "परीघ पन्नास मिलिमीटर. व्यास काढ." मी सातने गुणून बावीसने भागलं, पंधरा पूर्णांक नऊ काहीतरी आलं. अण्णांचा चेहरा खुलला. "पाच सूत! अगं, पाच सूत आहे ते!"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, गवंडी आणि लोखंडवाले आजही त्यातच बोलतात. मेट्रिकचा कायदा 1956 चा, पण बांधकामावर 12 मिलिमीटरची सळई अजून 'चार सुती'च असते. खरे चार सूत 12.7 भरतात. सळईला त्या फरकाचं काही वाटत नाही. पंपाला वाटतं. तो स्टोव्ह इंचांच्या काळात घडलेला होता आणि अण्णा त्याच्याशी मिलिमीटरमध्ये बोलायला गेले होते. दुसऱ्या कार्डावर चित्र नव्हतं. "पंपाच्या नळीचा आतील व्यास पाच सूत. त्यात घट्ट बसेल असे वायसर पाठवावे." आलेलं वायसर तेलात बुडवून चढवलं आणि संध्याकाळी स्टोव्ह असा काही भरभरला की शेजारच्या काकू बघायला आल्या.

तर मोडक्या वस्तूचं माप घ्यायचं नसतं, ती जिथे बसते त्या जागेचं घ्यायचं. हे मला वयाच्या अकराव्या वर्षापासून माहीत होतं. तरी मी दुपारभर फुटक्या टोपीचे दोन तुकडे जुळवत, त्यांच्यामधल्या भोकात पट्टी खुपसत बसले होते.

मग तुकडे बाजूला ठेवले आणि फॅनचा शाफ्ट पुसला. मुलाचं व्हर्निअर कॅलिपर सापडलं, त्याच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं. शाफ्ट 8 मिलिमीटरचा. पुढे टोकाला बारीक होऊन आटे पाडलेले आणि आट्यांवरचं माप 5.9. हे 5.9 काय प्रकरण आहे कळेना. शेठजींना विचारलं. म्हणाले, आट्यांचा माथा थोडा कमीच ठेवतात, सहाचा बोल्ट कधी पुरा सहा भरत नाही. पण दोन सुती असता तर सव्वासहाच्या आसपास दाखवला असता. खात्री करायला आटे मोजा.

आटे मोजायचे कसे? कागदाची पट्टी आट्यांवर लांबीच्या दिशेने ठेवली, वरून नखाने दाबली. कागदावर बारीक रेघा उठल्या, पापडावर लाटण्याच्या उठतात तशा. 10 मिलिमीटरमध्ये 10 रेघा. म्हणजे एक आटा एक मिलिमीटरचा, सहाचाच. दोन सुतीला तेवढ्याच जागेत जेमतेम आठ आल्या असत्या. आणि आठवाली टोपी दहावाल्या शाफ्टवर दोन फेरे गोड बोलून चढते, तिसऱ्याला अडते. तिथे जोर लावला की आटे गेले.

संध्याकाळी पत्र लिहायला बसले. फोनवर टाइप न करता कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला. हे हास्यास्पद आहे, मला माहीत आहे. पण 'सा. न. वि. वि.' फोनवर काही केल्या शोभेना.

"टेबल फॅनच्या पात्यापुढील टोपी हवी आहे. बाहेरील व्यास 40 मि.मी., उंची 22 मि.मी. कडेला बोटांच्या पकडीसाठी आठ खाचा. दर्शनी बाजू फुगीर, साधारण अर्ध्या लिंबाएवढी. आतील बाजूस मधोमध आटे, मादी. ज्या शाफ्टवर बसते त्याचे टोक 6 मि.मी., 10 मि.मी.त 10 आटे, आट्यांची लांबी 14 मि.मी. रंग कोणताही चालेल."

अर्धं लिंबू आईचं. मापं कितीही दिली तरी एक काहीतरी खाण्याचं लिहिल्याशिवाय माझ्या डोळ्यांपुढे वस्तू येत नाही.

दहा मिनिटांत उत्तर. "छान लिहिलंय. आटे सरळ का उलटे?"

उलटे? मी पुन्हा फॅनपाशी गेले. शेठजींनी सांगितल्याप्रमाणे फॅन उताणा करून शाफ्ट उभा धरला. समोरून बघताना आट्यांच्या रेघा उजवीकडे चढत गेल्या तर सरळ, डावीकडे चढत गेल्या तर उलटे. शेजारी घरातला एक साधा बोल्ट धरला. बोल्टच्या रेघा उजवीकडे चढत होत्या, शाफ्टच्या डावीकडे.

मग कळलं. समोरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. बटण दाबलं की शाफ्ट झटक्यात उजवीकडे निघतो आणि टोपी आळसाने किंचित मागे राहते. आटे सरळ असते तर त्या मागे राहण्याने ती रोज थोडी सैल झाली असती आणि एके दिवशी पात्यासकट जाळीवर आदळली असती. उलट्या आट्यांमुळे तीच मागे राहणारी टोपी आणखी आवळली जाते. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे मला माहीत होतं. सायकलवाल्याकडे तासन्‌तास उभी राहिलेली मुलगी मी.

म्हणजे त्या दुपारी मी टोपी सोडवत नव्हतेच. फडकं, हातमोजा, दात-ओठ हे सगळं लावून मी ती जिवाच्या आकांताने आवळत होते. फुटली नसती तरच नवल.

"उलटे," मी कळवलं. का फुटली ते कळवलं नाही. शेठजींनीही विचारलं नाही, पण त्यांनी नुसता एक अंगठा पाठवला, त्यात काहीतरी होतं.

चौथ्या दिवशी कुरिअरने टोपी आली. हिरवीगार. फॅन निळा आहे. डावीकडे फिरवत बसवली, पहिल्या आट्यापासून लोण्यात सुरी जावी तशी गेली. आमचे हे गावाहून आले तेव्हा फॅन चालू होता. खाली बसून त्यांनी हिरव्या टोपीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "उजवीकडे फिरवून काढायची असते ती."

जुन्या टोपीचे तुकडे अण्णांच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायला घेतले. त्या डब्यात काय काय आहे! ते 14 मिलिमीटरचं वायसरही आहे, कोरं करकरीत, कशातच न बसणारं. टाकण्याआधी उगाच तुकड्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. खाली एक बाण कोरलेला होता, चांगला ठसठशीत, उजवीकडे वळलेला. बाणाखाली इंग्रजीत 'लूज'.

डब्याचं झाकण मात्र नुसतं ओढून उघडतं, ते एक बरं आहे.