४१ टक्के

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ऊर्जा रसायनशास्त्राचा निबंध होता. मी विषय घेतला प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेन फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून थेट वीज देणारा सेल. पहिल्या खर्ड्यात झोकात लिहिलं होतं, ‘या सेलमध्ये काहीच जळत नाही, त्यामुळे उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनांना असलेली कार्नोची मर्यादा लागू नाही, म्हणून कार्यक्षमता जवळपास १०० टक्के.’ मॅडमनी त्या ‘म्हणून’भोवती लाल गोल काढला. त्याच पानावर खाली मी एका ठिकाणी ८३ टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी ९४.५ टक्के लिहिलं होतं, दोन वेगळ्या पुस्तकांतून उचलून. तिथे नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

आधी ते प्रश्नचिन्ह सोडवलं. एक मोल हायड्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावून द्रवरूप पाणी झालं, तर एकूण २८५.८ किलोज्यूल ऊर्जा सुटते. पण यातली विजेच्या रूपात जास्तीत जास्त २३७.१ मिळू शकते. उरलेले ४८.७ किलोज्यूल उष्णता म्हणून जाणारच, कारण दीड मोल वायूचं एक मोल पाणी होताना एन्ट्रॉपी, म्हणजे कणांची अव्यवस्था, घटते आणि तिची भरपाई उष्णता बाहेर टाकून करावी लागते. सेल कितीही निर्दोष बनवा, हे चुकत नाही. २३७.१ भागिले २८५.८, म्हणजे ८३ टक्के. दुसऱ्या पुस्तकाने पाणी वाफेच्या रूपात धरलं होतं, तिथे २२८.६ भागिले २४१.८, म्हणून ९४.५. सेल तोच, फक्त वाफेतली सुप्त उष्णता हिशेबात धरली की नाही एवढाच फरक. मी द्रवरूप पाण्याचा पाया धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

व्होल्टमध्ये सांगायचं तर २३७.१ किलोज्यूलचे होतात १.२३ व्होल्ट आणि २८५.८ चे १.४८. कार्यक्षमता काढताना भागायचं १.४८ ने. १.२३ ने भागलं की सेल आहे त्यापेक्षा चांगला दिसतो, आणि मी नेमकं तेच केलं होतं.

मॅडम म्हणाल्या, “पुस्तकातलं पुरे. आपल्याकडे किट आहे, मोजून बघ.” जळगावातला एप्रिल चालू होता. किटमधल्या सेलचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, मधे नॅफिऑन या पॉलिमरचा पातळ पारदर्शक पापुद्रा, दोन्ही अंगांना प्लॅटिनम माखलेला काळा कार्बनचा थर. एका बाजूने हायड्रोजन येतो, प्लॅटिनमवर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पापुद्र्यातून फक्त प्रोटॉन जातात, इलेक्ट्रॉनना बाहेरच्या तारेने वळसा घालावा लागतो, आणि तो वळसा म्हणजेच आपली वीज. पलीकडे हवेतला ऑक्सिजन या दोघांना घेऊन पाणी होतो. हवेची बाजू आमच्या किटमध्ये उघडीच होती.

काहीही न जोडता मीटरने दाखवलं ०.९२ व्होल्ट. वीज घ्यायला सुरुवातही नाही आणि १.२३ मधले ०.३ गेले! किट बिघडलंय असंच मला वाटलं. पण तसं नव्हतं. हायड्रोजनची बाजू प्लॅटिनमवर चटकन चालते, ऑक्सिजनची मात्र अतिशय रेंगाळत, कारण तिथे दोन अणूंमधला बंध तोडून चार इलेक्ट्रॉन घालायचे असतात. त्याच प्लॅटिनमवर दोघांच्या मूळ वेगात लाखो पटींचा फरक आहे. त्यात थोडा हायड्रोजन पापुद्र्यातून झिरपून थेट पलीकडे पोचतो आणि त्या आधीच आळशी इलेक्ट्रोडचं व्होल्टेज आणखी खाली ओढतो. सेलचा सर्वात मोठा तोटा इथे आहे, पापुद्र्यात नाही. मला उलटं वाटत होतं.

मग ०.५ अँपिअरचा भार लावला. व्होल्टेज ०.६२ वर आलं आणि काही मिनिटांत घसरत ०.५४. पंखा थेट सेलवर होता आणि बाहेरून लू येत होती. लॅबमधले भाऊ कूलरमध्ये बादली ओतता ओतता म्हणाले, “त्याले बी पानी पाज रे भो.” थट्टाच होती, पण निदान अचूक होतं. नॅफिऑनमध्ये प्रोटॉन पाण्याच्या आधारानेच सरकतात, पापुद्रा सुकला की त्यांची वाट बंद होत जाते.

खात्री करायला फिजिक्सवाल्यांचा डीएसओ, म्हणजे क्षणाक्षणाचं व्होल्टेज पडद्यावर काढणारा ऑसिलोस्कोप, मागून आणला. चालता भार एकदम तोडायचा आणि पडद्यावर व्होल्टेज कसं वर येतं ते पाहायचं. प्रोटॉनच्या वाटेतल्या रोधामुळे गेलेलं व्होल्टेज तत्क्षणी परत येतं, त्यामुळे सरळ उभी पायरी दिसते. ऑक्सिजनच्या आळसाने गेलेलं सावकाश, चढावासारखं वर येतं. सुकलेल्या सेलची पायरी १४० मिलिव्होल्ट होती. पंखा बंद केला, कूलरची ओली ताटी सेलच्या बाजूला उभी केली, अर्धा तास थांबलो. पायरी ६० वर आली आणि चालतं व्होल्टेज परत ०.६२. घटलेले ८० आणि परत मिळालेले ८० जुळले, म्हणजे दोष सगळा सुकण्याचाच होता. पाणी फार झालं तरी पंचाईत असते, थेंब कार्बनच्या छिद्रांत बसून ऑक्सिजनची वाट अडवतात. एप्रिलमधल्या जळगावात ती काळजी नव्हती.

आता हिशेब. ०.५ अँपिअर १० मिनिटं, म्हणजे ३०० कूलोम. वीज मिळाली ०.६२ गुणिले ३००, १८६ ज्यूल. इतक्या कूलोमना फॅरडेच्या नियमाने १.५५५ मिलिमोल हायड्रोजन लागतो आणि त्यात ४४४ ज्यूल असतात. भागाकार ४२ टक्के. पण हा झाला लागायला हव्या तेवढ्या हायड्रोजनचा हिशेब. मोजनळीतून, पाण्यावर साठवलेला वायू प्रत्यक्षात ४५ मिलिलिटर कमी झाला होता. खोलीचं तापमान ३८ अंश, दाब ९८ किलोपास्कल. त्याचे होतात १.७०५ मिलिमोल. म्हणजे ९ टक्के हायड्रोजन गायब! दोन दिवस नळ्यांना साबणाचं पाणी लावून गळती शोधली. एकही बुडबुडा नाही.

मॅडमनी वहीत एकच प्रश्न लिहिला, ‘वायू कोरडा होता का?’ पाण्यावर साठवलेल्या वायूत वाफ असते. ३८ अंशांना तिचा दाब ६.६ किलोपास्कल, थंडीच्या दिवसांत २० अंशांना तो २.३ च असतो. आमच्या उन्हाळ्याने चूक फुगवली होती. ९८ मधून ६.६ वजा केल्यावर हायड्रोजन निघाला १.५९० मिलिमोल, म्हणजे गायब फक्त २ टक्के. ते २ टक्के विजेच्या भाषेत साधारण ११ मिलिअँपिअर, दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिअँपिअरच्या आसपास. पापुद्र्यातून झिरपणारा हायड्रोजन साधारण एवढाच असतो. साबणाच्या पाण्यात तो दिसणार कसा, तो बाहेर येतच नव्हता.

४२ चे झाले ४१ टक्के. भार कमी करून ०.८ व्होल्टवर चालवला तर व्होल्टेजच्या हिशेबाने ५४ मिळतात, पण मग वीज इतकी थोडी की किटचा पंखाही फिरेना. वर, कमी प्रवाहात झिरपणीचा वाटा वाढतो, त्यामुळे तो ५४ चा आकडाही पुरा पदरात पडत नाही.

निबंध दुसऱ्यांदा परत आला तेव्हा लाल खूण एकच होती, ‘हायड्रोजन आणला कुठून?’ विजेने पाणी फोडणाऱ्या किटच्याच इलेक्ट्रोलायझरमधून, १.७ व्होल्ट देऊन. दिलेल्या विजेतली परत किती आली ते काढलं, ०.६२ भागिले १.७, त्यातून झिरपणी वजा. ३६ टक्के. तक्त्याखाली एक ओळ वाढवली आणि वही जमा केली.